आई-बाबांसाठी रिक्लायनर की हातांची खुर्ची? आधी गुडघ्याचं माप घ्या

फर्निचरच्या दुकानात गेल्यावर आपण खुर्चीत टेकतो, मागे रेलतो आणि "वा, मस्त आहे" म्हणतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बसायला कुठलीही खुर्ची चालते. अडतं ते उठताना. म्हणून खुर्ची उठण्यावरूनच पारखायची, आणि ती पारख घरी, टेप हातात घेऊन सुरू होते.

पहिली पायरी: घरी दोन मापं घ्या

ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची त्यांना लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कडक खुर्चीवर बसवा. पायात घरात वापरतात त्या चपला असू द्या, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. टेकत नसतील तर पायाखाली वर्तमानपत्रांची थप्पी ठेवा आणि टेप थप्पीच्या वरून धरा. जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत, म्हणजे लवणीपर्यंत, जेवढी उंची भरेल ते पहिलं माप. दुसरं माप आडवं, पाठ जिथे टेकते तिथपासून लवणीपर्यंत.

पहिल्या मापात इंचभर मिळवा. गुडघे फार दुखत असतील तर दोन इंच. ही झाली बैठकीची उंची. त्याहून उंच खुर्चीतून उठणं आणखी सोपं जाईल, पण तासन्तास बसल्यावर टाचा अधांतरी राहतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पावलं सुजतात. दुसऱ्या मापातून दोन इंच वजा केले की बैठकीची खोली मिळते. खोली जास्त असली तर पाठ टेकवण्याच्या नादात माणूस हळूहळू पुढे घसरत जातो आणि कमरेत वाकून बसतो.

दुसरी पायरी: उंची बसल्यावर मोजा

दुकानदार सांगतो ती उंची रिकाम्या खुर्चीची असते. फोम किती दबेल ते त्यात नसतं. मऊ सोफा माणूस बसल्यावर सहज दोन-तीन इंच खाली जातो. त्यामुळे आईला किंवा बाबांना दुकानात सोबत न्याच. त्यांना नीट मागे सरकून बसू द्या आणि मांडीच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेशी, जमिनीपासून टेप लावा. मग दोन पावलं मागे जाऊन बाजूने बघा. गुडघे कमरेपेक्षा वर दिसले तर ती बैठक बुटकी आहे किंवा मागे कलती आहे; दोन्हींतून उठताना तोच त्रास. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना तर कमर गुडघ्याखाली जाऊ देऊ नका असंच बहुतेकदा सांगितलेलं असतं.

तिसरी पायरी: उठताना पावलं कुठे जातात ते बघा

आपण उठताना आधी बैठकीच्या कडेशी सरकतो, पावलं गुडघ्यांच्या मागे ओढतो, पुढे झुकतो आणि मग हातांनी रेटा देतो. यातली पावलं मागे ओढण्याची गोष्ट बऱ्याच खुर्च्या होऊ देत नाहीत. रिक्लायनरचा पाय ठेवायचा भाग मिटल्यावर पोटऱ्यांच्या मागे भिंतीसारखा उभा राहतो आणि टाच त्याला अडते. पावलं पुढेच राहिली की माणूस अर्धा उठतो आणि धपकन परत बसतो. म्हणून बैठकीच्या कडेखाली हाताचा पंजा आडवा घालून बघा. चार बोटं सहज आत जातील एवढी तरी मोकळी जागा तिथे हवी. चार पायांच्या साध्या खुर्चीत हा प्रश्नच येत नाही.

खुर्चीचे हात दबलेल्या बैठकीपासून सात ते नऊ इंच वर असावेत आणि थेट पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत. मागेच संपणारे हात टेकायला बरे, पण उठताना तळवा जिथे रेटायचा तिथे ते नसतात. गुबगुबीत, रुंद हातांवर पकडच बसत नाही. पुढे उघडं लाकूड असलेला हात मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

एका मापाचा हिशेब

आमच्या मावशी जेमतेम पाच फूट उंच, दोन्ही गुडघे झिजलेले. लवणीपर्यंतची उंची 15 इंच, पाठ ते लवण 18 इंच. म्हणजे त्यांना बसल्यावर 16 ते 17 इंच उंचीची आणि 16 इंच खोलीची बैठक हवी होती. घरचा सोफा नुसता मोजला तर 17 इंच भरायचा, पण त्या बसल्या की 14 वर यायचा, आणि खोली 22. तिथून त्या कुणीतरी हात दिल्याशिवाय उठत नसत. मुलाच्या मनात रिक्लायनर होता. तो बसल्यावर 18 इंच भरला, टाचा उचलल्या गेल्या, खोलीही 21 होती. शेवटी कडक फोमची, लाकडी हातांची खुर्ची घेतली: बसल्यावर साडेसोळा, खोली साडेसोळा, हात जमिनीपासून साडेचोवीस. पाय लांब करायला समोर हलकं स्टूल. तीच खुर्ची काकांना मात्र बुटकी पडते. ते पाच फूट आठ इंच आहेत, त्यांची लवणच 17 इंचांवर आहे. दोघांसाठी एकसारखी जोडी घेण्याचा मोह इथे आवरावा लागतो.

रिक्लायनर घ्यायचाच असेल तर

पाय सुजतात, दुपारची झोप खुर्चीतच होते, अशांना रिक्लायनरचा खरोखर उपयोग आहे. फक्त तो मिटवण्याचं काम त्यांनाच करायला लावा. हाताच्या दांड्यावर चालणाऱ्या रिक्लायनरमध्ये पायांचा भाग टाचांनी खाली दाबून अडकवावा लागतो आणि त्याला मांडीत जोर लागतो. तो अर्धवट उघडा राहिला आणि त्यावरच भार देऊन कुणी उठायला गेलं तर खुर्ची पुढे कलंडू शकते. दांडा कुठल्या बाजूला आहे तेही बघा. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाचा नेमका तो हात दुबळा असू शकतो. झुलणारे किंवा गोल फिरणारे प्रकार सरळ सोडून द्या, रेटा द्यावा त्याच क्षणी ते हलतात.

मोटरवर चालणाऱ्यात मिटवण्याचा त्रास नाही, पण वीज गेली तर माणूस आडवाच अडकेल. बॅटरीची सोय आहे का ते विचारा किंवा इन्व्हर्टरवरचा प्लग द्या, आणि वायर चालण्याच्या वाटेवर येऊ देऊ नका. अख्खी बैठक उचलून माणसाला जवळजवळ उभं करणारी लिफ्ट खुर्चीही मिळते. हातांचा आधार घेऊनही उठता येत नसेल तेव्हा ती घ्यावी. स्वतः उठता येतंय तोवर रोजच्या उठण्यातूनच मांड्यांना व्यायाम मिळतो, तो मोटरला देऊ नये. निर्णय कठीण वाटला तर फिजिओथेरपिस्टला एकदा उठणं-बसणं दाखवा.

दुकानात पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवा आणि मग उठायला सांगा. ताजेतवाने असताना सगळेच उठतात.

नवी खुर्ची घ्यायची नसेल तर

जुन्या खुर्चीवर जाड उशी टाकणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, पण बैठक वर आली की हात तेवढेच खाली जातात आणि रेटा द्यायला काही उरत नाही. त्यापेक्षा सुताराकडून चारही पायांखाली दोन इंचांचे ठोकळे करून घ्या. प्रत्येक ठोकळ्याला वरून खाच हवी, पाय त्यात बसला पाहिजे, आणि खाली रबर, नाहीतर गुळगुळीत फरशीवर खुर्ची सरकते. मग ती पाठीमागून भिंतीला टेकवून ठेवा.