फ्री सर्व्हिसचं बिल ११४० रुपये: जॉब कार्ड असं वाचलं

नव्या स्कूटरची पहिली सर्व्हिस ‘फ्री’ होती, तरी बिल ११४० आलं. काउंटरवर वाद घातला, डिस्काउंट मागितला, उपयोग शून्य. करायच्या कामांची यादी असलेल्या जॉब कार्डाखाली माझीच सही होती, हे जास्त झोंबलं.

दुसऱ्या सर्व्हिसला सही करण्याआधी जुनं कार्ड आणि गाडीसोबतचं मॅन्युअल शेजारी ठेवून बसलो.

आधी जुन्या कार्डावर लेबरची ओळ पाहिली. तिथे शून्यच होता, कारण फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी माफ असते. ऑइल आणि पार्ट्सचे पैसे लागतातच. मग पार्ट्स: इंजिन ऑइल ३८०, ड्रेन बोल्टचा वॉशर १०. मॅन्युअलच्या मेंटेनन्स तक्त्यात त्या किलोमीटरला ऑइल ‘बदला’ असंच होतं, म्हणजे हे रास्त. ‘तपासा’ लिहिलं असेल तर पार्ट सरसकट बदलू द्यायचा नाही. ग्रीस, कापड वगैरे कन्झ्युमेबल्सचे ६०. त्यावर मी भांडलो नाही.

उरले ६९०: टेफ्लॉन कोटिंग ४५०, ऑइल अ‍ॅडिटिव्ह २४०. तक्त्यात दोन्हींचा पत्ता नाही. ही निव्वळ ‘शिफारस’, पण पार्ट्सच्याच यादीत मिसळलेली.

या वेळी नव्या कार्डावरही आलेल्या त्याच दोन ओळी ॲडव्हायझरकडून खोडून घेतल्या, अंदाजे रक्कम लिहून घेतली, ‘वाढीव कामाआधी फोन करावा’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मगच सही केली. संध्याकाळी बिल ४५० आलं.