नोकरीसाठी परदेशी गेलात? दिवस मोजताना या चुका टाळा

परदेशात कमावलेल्या पगारावर भारतात कर लागेल की नाही, हे व्हिसावर किंवा एनआरई खात्यावर ठरत नाही. ते ठरते १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता यावर. भारतीय नागरिक नोकरीसाठी परदेशी गेला, तर जाण्याच्या वर्षी त्याच्यासाठी मर्यादा १८२ दिवसांची. १८१ दिवस भरले तर अनिवासी, १८२ भरले की रहिवासी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त विमानात बसण्याची तारीख बघणे. एक उदाहरण घेऊ. एक जण १० सप्टेंबर २०२४ रोजी नोकरीसाठी दुबईला गेला. एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवस आणि सप्टेंबरचे १०, म्हणजे १६३ दिवस. १८२ ला अजून बराच वाव आहे, म्हणून तो निश्चिंत. मग घरच्या लग्नासाठी २० फेब्रुवारीला आला आणि १२ मार्चला परतला. फेब्रुवारीचे ९ आणि मार्चचे १२, एकूण २१ दिवस. बेरीज १८४. झाला रहिवासी! ९ मार्चला निघाला असता, तर १८१ वर सुटला असता.

आता या तीन दिवसांची किंमत बघा. भारतातला एप्रिल ते ऑगस्टचा पगार ६ लाख आणि दुबईचा मार्चपर्यंतचा पगार २० लाख रुपये धरू. आधीची सगळी वर्षे भारतातच गेल्यामुळे तो 'सामान्य रहिवासी' ठरतो आणि जगभरचे उत्पन्न करपात्र होते. २६ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, की नव्या करप्रणालीच्या २०२४-२५ च्या दरांनी उपकरासह कर येतो ४,६५,४०० रुपये. अनिवासी राहिला असता, तर फक्त ६ लाखांवर ११,७०० रुपये. (हो, ११,७०० सुद्धा. कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी कलम ८७ए ची सूट फक्त रहिवाशांना मिळते, हे अनेकांना रिटर्न भरतानाच कळते.) दुबईत पगारावर आयकर नाही, त्यामुळे तिथे भरलेला कर इथे वळता करून घेण्याचा मार्गही नाही. तिथे कर कापला जात असता, तर फॉर्म ६७ भरून तेवढे श्रेय मिळवता आले असते. दुहेरी करविषयक करारातून सवलत मिळते का, हे वेगळे तपासावे लागते. ती आपोआप मिळेल असे धरून चालू नका.

मोजताना येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरा. येण्याचा दिवस वगळता येतो असे निकाल आहेत, पण त्या एका दिवसाच्या भरवशावर तिकीट काढणे शहाणपणाचे नाही. रात्री ११ वाजता उतरलात तरी तो दिवस मोजला जाईल असेच समजा. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून यादी करा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा; शिक्का पुसट असला की तोच पुरावा उरतो.

पुढच्या वर्षांत सुट्टीवर येणाऱ्यांसाठीही सहसा १८२ चीच मर्यादा असते, पण एक फाटा आहे. भाडे, व्याज, भांडवली नफा असे परदेशाबाहेरचे, म्हणजे मुख्यतः भारतातले, उत्पन्न १५ लाखांच्या वर गेले, तर मर्यादा १२० दिवसांवर येते. सोबत मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झालेले असले पाहिजेत. या १५ लाखांत परदेशी पगार धरायचा नाही. १२० ते १८१ या टप्प्यात अडकलात तरी तुम्ही 'असामान्य रहिवासी' ठरता आणि परदेशी नोकरीचा पगार करमुक्तच राहतो. तेव्हा घाबरून सगळे उत्पन्न दाखवण्याचीही गरज नसते.

कायमचे परतणाऱ्यांची चूक वेगळी. 'भेटीवर येणे' आणि 'परत येणे' या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. नोकरी संपवून १५ जानेवारी २०२५ ला परत आलात, तर मार्चअखेर ७६ दिवस होतात. इथे १८२ ची सवलत नाही, ६० दिवस पुरतात; फक्त मागच्या चार वर्षांतले मुक्काम ३६५ पर्यंत जायला हवेत. दरवर्षी ४५ दिवसांची सुट्टी घेतली असेल तर बेरीज १८०, म्हणजे अनिवासीच. दरवर्षी १०० दिवस राहिला असाल तर ४००, आणि मग जानेवारीपर्यंतचा परदेशी पगारही हिशेबात येऊ शकतो. परतीचे तिकीट काढण्याआधी ही चार वर्षांची बेरीज करा. ती ३६५ किंवा जास्त होत असेल, तर फेब्रुवारीत येणे बरे: त्या वर्षी आधी भारतात आला नसाल आणि लीप वर्ष नसेल, तर १ फेब्रुवारीपासून मार्चअखेर ५९ दिवसच होतात.