ऊस बिलाच्या पट्टीत या चुका टाळा: हातात आलेली रक्कम कमी का दिसते?

निफाड तालुक्यात आमच्या मळ्याशेजारी अण्णांची अडीच एकर ऊसशेती आहे. जानेवारीतली बिलाची पट्टी घेऊन ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले. "बेचाळीस टन ऊस घातला आणि हातात बावन्न हजार? कारखान्याचा काटाच मारतोय." आपल्याकडे पहिला संशय काट्यावरच जातो. आम्ही वजनाच्या पावत्या काढल्या. १४.२६०, १३.८७५ आणि १४.२१५ अशा तीन खेपा, एकूण ४२.३५० टन. पट्टीवरही तोच आकडा होता. वजन बरोबर होतं, घोळ पुढच्या ओळींत होता.

पट्टीवर दर होता टनाला २,६७० रुपये. अण्णांनी हा आकडा थेट एफआरपीशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराशी लावला आणि टनाला ८८० रुपये गायब असल्याचं त्यांना वाटलं. ही पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, टनाला ३,५५० रुपये आहे, पण तो दर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचलेल्या उसाचा असतो. महाराष्ट्रात तोडणीची टोळी आणि वाहनं कारखाना लावतो, म्हणून तो खर्च एफआरपीतून वजा होतो. अण्णांच्या पट्टीत टनाला ८८० रुपये तोडणी-वाहतूक लिहिली होती आणि ३,५५० मधून ८८० गेले की २,६७० उरतात. म्हणजे हा दर आधीच निव्वळ केलेला होता.

इथे एक गोष्ट नीट पाहा. दर निव्वळ असेल तर खालच्या कपातीच्या रकान्यात तोडणी-वाहतूक पुन्हा दिसता कामा नये. दिसली तर ती दोनदा कापली गेली आहे आणि ही चूक साधी बेरीज-वजाबाकी करूनच सापडते. दुसरीकडे, 'माझं शेत कारखान्यापासून चार किलोमीटरवर, मग ८८० कशाचे?' हा वाद सहसा टिकत नाही, कारण कापली जाते ती कारखान्याची सरासरी, तुमच्या अंतराचं भाडं नव्हे. जवळच्याला ते खटकतं आणि माझ्या मते खटकणं रास्तही आहे. पण ती पट्टीतली चूक नव्हे. त्याऐवजी कापलेला आकडा त्या कारखान्याच्या सरासरीशी जुळतो का, ते विचारा. साखर आयुक्तालयाने कारखानानिहाय सरासरी प्रसिद्ध केलेली आहे. एन्ट्री म्हणून वाहनवाल्याला रोखीत दिलेले पैसे मात्र कुठल्याच पट्टीत येत नाहीत, ते वेगळे लिहून ठेवा.

आता उतारा. अण्णांना वाटत होतं की त्यांच्या उसाचा उतारा चांगला म्हणून त्यांना जास्त दर मिळेल. उतारा एका शेतकऱ्याच्या उसाचा मोजला जात नाही. कारखान्याचा एकूण सरासरी उतारा सगळ्यांना लागू होतो, तुम्ही कोवळा ऊस घाला नाहीतर बारा महिन्यांचा. या हंगामासाठी १०.२५ च्या वर उताऱ्यात दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये वाढतात, खाली त्याच हिशेबाने कमी होतात. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र दर आणखी घसरत नाही, तो ३,२९०.५० रुपयांवर थांबतो.

पट्टीवर उतारा लिहिलेला नसेल तरी तो उलट हिशेबाने काढता येतो. दरात तोडणी-वाहतूक परत मिळवा. अण्णांच्या बाबतीत २,६७० अधिक ८८०, बरोबर ३,५५०. हा आकडा ३,५५० वर तंतोतंत बसला तेव्हाच कळलं की कारखान्याने १०.२५ हा पाया धरला आहे, स्वतःचा उतारा नव्हे. त्या कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा १०.८५ टक्के होता. म्हणजे ०.६ टक्के जास्त, टनामागे २०७.६० रुपये. ४२.३५० टनांवर ८,७९१ रुपये ८६ पैसे राहिले.

असं का होतं, याला मागचा इतिहास आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली. पहिल्या टप्प्यासाठी पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के पाया ठरला आणि उरलेलं हंगाम संपल्यावर चालू हंगामाच्या उताऱ्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा शासन निर्णय रद्द केला. त्यामुळे पहिल्या बिलात १०.२५ चा पाया दिसला तर 'फरक कधी आणि कोणत्या उताऱ्याने?' हा प्रश्न लेखी विचारायला हवा. एफआरपी ऊस घातल्यापासून १४ दिवसांत देण्याचं बंधन ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि उशिरावर सालाना १५ टक्के व्याज लागू होतं. लाखाला दिवसाला साधारण ४१ रुपये.

राहिल्या कपाती. पट्टीत बेणे ६,४०० रुपये, खत ९,२५० आणि सोसायटी ४५,०००, मिळून ६०,६५०. ४२.३५० टनांचे २,६७० प्रमाणे १,१३,०७४.५० रुपये होतात, त्यातून ते गेले की ५२,४२४.५० उरतात. आकडेमोड जुळत होती, त्यामुळे नुसत्या या पट्टीवरून काहीच सापडलं नसतं. मी अण्णांना डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचं बिल आणायला सांगितलं. तिथेही बेणे ६,४०० कापलेले! अण्णांच्या उसाची नोंद जमिनीच्या दोन गट नंबरांत होती, शेतकरी कोड एकच. बेण्याची उधारी बहुधा दोन्ही नोंदींना चिकटली होती. म्हणून उचलीची कपात एका बिलात न तपासता पहिल्या बिलापासून वहीत उतरवत जा आणि उधारीच्या मूळ पावतीशी मिळवा.

सोसायटीच्या ओळीत फसगत वेगळी असते. कारखान्याने ४५,००० कापले म्हणजे कर्जखात्यावर ते त्याच दिवशी जमा झाले, असं नाही. सोसायटीच्या सचिवाकडून जमा तारखेचा खातेउतारा घ्या. पीककर्जाची व्याजसवलत वेळेत परतफेडीवर अवलंबून असते आणि उशीर कारखान्याचा असला तरी थकबाकीदार म्हणून नाव तुमचं लागतं.

दोन दिवसांनी अण्णा कारखान्याच्या गट ऑफिसात गेले, दोन्ही बिलं आणि बेण्याची पावती घेऊन. शेतकी विभागातल्या माणसाने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "दुसऱ्या गटाला पण लागलंय." अण्णांनी तोंडी आश्वासनावर न राहता अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोच घेतली. ती पोच जपायची. कारखान्याने दाद दिली नाही तर प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्या कार्यालयात किंवा पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तालयात, तीच लागते.

बेण्याचे ६,४०० पुढच्या बिलात जमा झाले. उताऱ्याच्या फरकाचं बिल उन्हाळ्यात आलं, टनाला २०७.६० दराने. पण टनेज होतं २८.१३५. तिसरी खेप, १४.२१५ टनांची, दुसऱ्या गटाच्या नावावर पडली होती आणि फरकाच्या यादीत तो गटच नव्हता. अण्णा पुन्हा वजनाच्या पावत्या घेऊन निघाले.