‘पाच पाच’ म्हणजे नेमके किती सेंटिमीटर?

साताऱ्याकडून यवतमाळ जिल्ह्यातल्या या आरोग्य उपकेंद्रावर आलो त्याला चौदा वर्षं झाली. नवीन रुजू झालेल्यांना खोली, पाणी, एसटीची वेळ आठवडाभरात कळतेच. रजिस्टरमधला उंचीचा रकाना मात्र कुणी समजावून सांगत नाही.

इथं उंची विचारली की उत्तर येतं, “पाच पाच हाय जी.” म्हणजे पाच फूट पाच इंच. जुन्या रजिस्टरात ते ५.५ असं लिहिलेलं दिसेल, आणि सगळा घोळ त्या टिंबात आहे. फुटात १२ इंच, म्हणून हे झाले ६५ इंच, इंच २.५४ सेंटिमीटरचा, म्हणून उंची १६५.१. पण ५.५ ला थेट ३०.४८ ने गुणलं तर ते साडेपाच फूट धरले जातात आणि १६७.६ येतात. ५ फूट ११ इंचवाल्याचं ५.११ करून गुणलं, तर १८०.३ चा माणूस १५५.८ वर येतो. कॉम्प्युटरवर ५.१० टाका, तो शेवटचं शून्य खाऊन ५.१ करतो, पाच दहाचा गडी पाच एकचा झाला!

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आला. मुलांना किमान १६५ सेंटिमीटर लागतात. तो “पाच पाच” म्हणाला, मी गुणाकार करून १६५.१ लिहिलं, आणि तो निर्धास्त होऊन वर्षभर पळत राहिला. भरतीच्या तोंडावर भिंतीला उभा केला, तर १६४.४ भरला. म्हणजे जवळपास ६४.७ इंच, कधीतरी कुणीतरी त्याचे पूर्ण ६५ करून टाकले होते. गुणाकार बरोबरच होता. पण जवळच्या इंचाला आणलेल्या ‘पाच पाच’मध्ये १६३.८ पासून १६६.४ पर्यंत कुणीही बसतो, आणि माझ्या त्या ‘.१’ मुळं आकडा मिलिमीटरपर्यंत मोजल्यासारखा दिसत होता. (फूट ३० चा आणि इंच अडीचचा धरणारेही भेटतील. त्यांच्या हिशोबानं हाच पोरगा १६२.५.)

म्हणून सांगितलेली उंची सेंटिमीटरच्या रकान्यात घालू नका. चप्पल काढायला लावा, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पाटी आडवी सपाट, आणि पट्टी सेंटिमीटरचीच वाचा. सकाळ-संध्याकाळमध्ये सेंटिमीटरभर फरक पडतो, तेव्हा वेळही लिहा. मोजता आलंच नाही, तर फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत, शेजारी ‘सांगितलेली’ असा शेरा.

जुनं रजिस्टर हाती आलं की आधी टिंबानंतरचे आकडे बघा. ५.१० किंवा ५.११ दिसले तर बहुधा इंच आहेत. ५.७५ असेल तर ते दशांशातले फूट, कारण पाऊणशे इंच कुणी सांगत नाही. एकाच पानावर दोन्ही असतील, तर ते पान बदलत बसू नका. माणसं परत बोलवा.