मोठा केलेला फोटो ओळखताना या चुका टाळा

अल्बम छापायला ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल येते. आकडा भरघोस, पण छापल्यावर फोटो मऊ दिसतो, नाहीतर चेहऱ्यांवर प्लॅस्टिकसारखी चकाकी येते. फाइल मुळात ३००० बाय २००० ची असेल आणि कोणीतरी ती दुपटीने ताणली असेल, तर त्याच्या खुणा दोन ठिकाणी राहतात: वारंवारतेच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे फोटोत ढोबळ आकार किती आणि बारीक तपशील किती हे दाखवणाऱ्या चित्रात, आणि कडांमध्ये. मात्र या खुणा वाचताना गल्लत होणं फार सोपं आहे.

तपासायला चुकीची फाइल घेणं

स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत किंवा फोटो व्ह्यूअरमध्ये १५० टक्के झूम करून पाहिलेलं चित्र, यांपैकी कशावरूनही निष्कर्ष काढू नका. या प्रत्येकात चित्राचा आकार मधल्या मध्ये बदललेला असतो, आणि मग तुम्ही व्ह्यूअरची करामत तपासत बसता. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि १०० किंवा नेमक्या ४०० टक्क्यांवर, कडा गुळगुळीत न करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा.

एफएफटी, म्हणजे हा स्पेक्ट्रम देणारं गणित, करण्याआधी संपूर्ण फोटो लहान करून घेणं ही याचीच दुसरी आवृत्ती. लहान करताना नेमका तोच बारीक तपशील जातो ज्याची तपासणी करायची आहे. त्याऐवजी मूळ फोटोतूनच ५१२ बाय ५१२ चा तुकडा कापा. झाडाची पानं, साडीची जर, केस असा बारकाव्याचा, फोकसमधला भाग निवडा.

```python
import numpy as np
from PIL import Image
g = np.asarray(Image.open("photo.jpg").convert("L"), float)
y, x = 1200, 800
p = g[y:y+512, x:x+512]
w = np.outer(np.hanning(512), np.hanning(512))
F = np.fft.fftshift(np.abs(np.fft.fft2((p - p.mean()) * w)))
s = np.log(F + 1)
Image.fromarray(np.uint8(255 * s / s.max())).save("fft.png")
```

यातली `hanning` ची ओळ गाळू नका. ती नसेल तर तुकड्याच्या डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून स्पेक्ट्रमच्या मधोमध ठळक अधिक-चिन्ह उमटतं, आणि अनेकजण त्यालाच पुरावा समजतात. `convert("L")` सुद्धा मुद्दाम आहे: बहुतेक जेपीईजी फाइलींत रंगाची माहिती मुळातच निम्म्या रेझोल्यूशनने साठवलेली असते. रंगाचा चॅनल तपासाल तर अस्सल फोटोही ताणलेलाच ठरेल.

अंधारा काठ दिसला की लगेच निकाल देणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू. स्पेक्ट्रमच्या मध्यभागी ढोबळ आकार असतात आणि काठाकडे बारीक तपशील. काठ अंधारा म्हणजे बारीक तपशील नाही, इतकंच कळतं. तो का नाही हे कळत नाही. फोकस चुकला असेल, लेन्स मऊ असेल, फोनने नॉइज पुसला असेल, तरी काठ अंधाराच येतो.

कारण सापडतं ते स्पेक्ट्रममधल्या उजेडाच्या आकारावरून. लेन्सच्या मऊपणात उजेड मध्यापासून सगळीकडे गोलाकार, हळूहळू विरत जातो. कॅमेरा हलला असेल तर एकाच दिशेने पट्टे पडतात. जेपीईजी फार दाबली असेल तर तिरपे कोपरे आधी रिकामे होतात. आणि ताणलेल्या फोटोत उजेड चौकोनी असतो: आडव्या आणि उभ्या दिशेला तो एका ठरावीक रेषेवर तुटतो, भिंत आल्यासारखा, पण त्या आतल्या चौकोनाच्या कोपऱ्यांत मात्र माहिती शिल्लक असते.

भिंत कुठे आहे यावरून पटही कळते. ५१२ च्या तुकड्यात मध्यापासून काठ २५६ वर असतो. दुप्पट ताणलं असेल तर भिंत १२८ च्या आसपास येते, दीडपट असेल तर साधारण १७१ वर, चौपट असेल तर ६४ वर. भिंतीपलीकडे फिकट पुसट प्रतिमा दिसल्या तर बायलिनियर किंवा बायक्यूबिक पद्धत वापरली असावी. ठळक, पुन्हापुन्हा येणाऱ्या नकला दिसल्या तर पिक्सेल नुसते दुहेरी केलेले आहेत.

ताणल्यावर वरून ग्रेन, म्हणजे कृत्रिम दाणे, शिंपडले असतील तर भिंत बुजते. तेव्हा आठ-दहा तुकड्यांच्या `F**2` ची सरासरी काढा. ग्रेन काठापर्यंत सारखा पसरतो आणि खरा तपशील १२८ वर थांबतो, त्यामुळे पायरी पुन्हा वर येते.

कडेची रुंदी हॅलोच्या शिखरावरून मोजणं

एक जवळपास उभी, भरपूर कॉन्ट्रास्ट असलेली कड घ्या, उदाहरणार्थ पांढऱ्या भिंतीसमोरची काळी खिडकी. एका ओळीतले पिक्सेल वाचा. समजा गडद बाजू ४० आणि उजळ बाजू २०० आहे. फरक १६०, म्हणून १० टक्के म्हणजे ५६ आणि ९० टक्के म्हणजे १८४. या दोन किमतींमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. नीट फोकस असलेल्या अस्सल फोटोत ते बहुधा दीड ते अडीच पिक्सेल येतं, दुप्पट ताणलेल्यात त्याच्या दुप्पट.

शार्पन केलेल्या कडेला उजळ बाजूला २२५ सारखी उसळी असते, तोच हॅलो. ती वरची पातळी म्हणून धरली तर उत्तर बिघडतं. पातळी कडेपासून दहा-बारा पिक्सेल दूर, सपाट जागेवरून घ्या. एकाच कडेवरही विसंबू नका. दहा कडा मोजून सगळ्यात अरुंद कोणती ते पाहा. फोकस चुकलेल्या फोटोतही कुठेतरी एक कड टोकदार सापडते, ताणलेल्यात कुठेच नाही. त्यातला नॉइजचा दाणासुद्धा दोन पिक्सेल रुंद असतो.

भरलेला स्पेक्ट्रम पाहून फोटो अस्सल मानणं

रिअल-ईएसआरगॅनसारख्या न्यूरल अपस्केलरसमोर, म्हणजे एआयने फोटो मोठा करणाऱ्या प्रोग्रॅमसमोर, वरच्या दोन्ही कसोट्या लंगड्या पडतात. ते नवा तपशील रचतात, म्हणून भिंत नसते आणि कडाही अरुंद असतात. इथे तुकडे वेगवेगळे तपासा. कडा आणि पापण्या कमालीच्या तीक्ष्ण, पण शेजारची त्वचा, आकाश, रंगवलेली भिंत यांचा स्पेक्ट्रम काठापर्यंत काळाभोर, म्हणजे नॉइज शून्य, असा विजोडपणा असेल तर संशय घ्या. एकाच कॅमेऱ्यात एवढा विरोधाभास सहसा येत नाही, पण फोनचं पोर्ट्रेट मोड किंवा कडक नॉइज रिडक्शन असंच करू शकतं. म्हणून पाटीवरची बारीक अक्षरं पाहा: अस्सल फोटोत न वाचता येणारी अक्षरं धूसर होतात, रचलेल्या तपशिलात ती तीक्ष्ण असून निरर्थक असतात. स्पेक्ट्रममध्ये समान अंतरावर चमकते ठिपके दिसले, तर नेटवर्कची जाळीही पकडली जाते.

पटीची उलटतपासणी न करणं

समजा सुरुवातीच्या फाइलीत भिंत १२८ वर आणि सगळ्यात अरुंद कड ३.८ पिक्सेल निघाली. आता तीच फाइल ३००० बाय २००० करा आणि पुन्हा मोजा. कड १.९ आली आणि स्पेक्ट्रम काठापर्यंत भरला, तर मूळ आकार तोच. मूळ जेपीईजी जोरात दाबलेली असेल तर आणखी एक साक्षीदार मिळतो: तिच्या ८ पिक्सेलच्या चौकटी ताणून १६ च्या होतात, आणि मोठ्या फाइलीच्या स्पेक्ट्रममध्ये अक्षांवर ३२ आणि ९६ वर ठिपके येतात. नव्याने सेव्ह केलेल्या जेपीईजीचे ठिपके ६४ च्या पटीतच असतात, त्यामुळे हे वेगळे ओळखू येतात.

पाठवणाऱ्यावर आरोप करण्याआधी डिजिटल झूम आणि फोनचा ५० मेगापिक्सेल मोड आठवा. अशा अनेक सेन्सरवर एका रंगाच्या फिल्टरखाली चार पिक्सेल असतात, आणि पूर्ण आकाराचा फोटो त्यातून गणिताने उभा केला जातो, त्यामुळे बारीक तपशील मेगापिक्सेलच्या आकड्याइतका नसतो. फाइल कोणीही ताणलेली नसते, तरी छपाईचं गणित बदलतं: १८ इंची पानाला ३०० डीपीआयने ५४०० पिक्सेल लागतात, आणि ३००० च खरे असतील तर हाती १६७ डीपीआय उरतात.