आबा आता बरे होणार नाहीत, हे मुलांना सांगताना: या चुका टाळा

माझ्या सासऱ्यांच्या यकृताचा कॅन्सर पोटभर पसरला, तेव्हा आमचा धाकटा चार वर्षांचा होता आणि मोठी सात. ‘आता काही आठवडेच’ असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरी येऊन मी धाकट्याला म्हणाले, ‘आबा देवाघरी जाणार आहेत.’ तो उठला, स्वतःची दप्तराची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, ‘मीपण येतो. परत कधी यायचं?’

पहिली चूक इथेच झाली. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कायमचं, हे उमगत नाही. देवाघर त्यांच्यासाठी मामाच्या गावासारखं असतं, जाऊन परत येण्याजोगं. ‘झोपी जाणार’ म्हटलं तर रात्री गादीवर जायलाच मूल घाबरू शकतं. आणि नुसतं ‘आबा आजारी आहेत’ म्हटलं, तर पुढच्या सर्दीत स्वतःचीही तीच गत होईल असं त्याला वाटू शकतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले. ‘आबांच्या पोटात कॅन्सर नावाचा खूप मोठा आजार आहे. ती सर्दी-तापासारखी गोष्ट नाही. औषधांनी तो बरा होत नाहीये. थोड्या दिवसांनी आबांचं शरीर काम करायचं थांबेल. म्हणजे आबा मरतील. मग ते जेवणार नाहीत, बोलणार नाहीत, त्यांना दुखणारही नाही, आणि ते परत येणार नाहीत.’ ‘मरतील’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. पण त्याच शब्दाने त्याला कळलं. देवाघराबद्दल सांगायचं असेल तर जरूर सांगावं, पण या वाक्यांनंतर.

तो ‘बरं’ म्हणाला आणि गाड्या खेळायला गेला. याला समजलंच नाही, असं धरून मी पुन्हा समजावायला लागले, तीही चूकच. लहान मुलं दुःख घोटाघोटाने घेतात. तोच प्रश्न दिवसातून चारदा आला तर चारदा तेच उत्तर, त्याच शब्दांत द्यायचं. आई एक सांगते आणि आजी दुसरं, असं झालं की मूल गोंधळतं. म्हणून घरातल्या मोठ्यांनी शब्द आधी ठरवून घ्यावेत. माझ्या सासूबाईंना ‘मरतील’ अशुभ वाटायचं. त्या तो शब्द वापरत नसत, पण ‘बरे होतील’ असंही म्हणायच्या नाहीत, एवढं आम्ही ठरवलं.

मोठी मात्र गप्प होती. आठवड्याने कळलं की दिवाळीत तिने खेळता खेळता आबांच्या पोटावर उशी फेकली होती आणि आजार त्यानेच झाला, असं ती मनात धरून बसली होती. या वयात असं सर्रास होतं आणि मूल आपणहून बोलत नाही. म्हणून विचारण्याची वाट न बघता सांगून टाकावं: ‘तुझ्या कुठल्याच वागण्याने किंवा बोलण्याने हे झालेलं नाही.’

भेटीची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाला थेट खोलीत नेणं. मोठीला आम्ही तसंच नेलं. आबांचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं, नाकात नळी, आणि ते तिला नीट ओळखेनात. ती दारातूनच पळाली. पुढच्या वेळी तिच्या बाबाने सकाळी आबांचा फोटो काढला. आदल्या रात्रीऐवजी निघण्याच्या तासभर आधी आम्ही तो दोघांना दाखवला: ‘ही नळी पोटात जेवण नेते. हा डबा टिकटिक करतो, तो हृदय मोजतो. यकृत काम करत नाही म्हणून डोळे पिवळे झालेत आणि आबा कधीकधी गोंधळतात. तुझ्यावर रागावलेले नाहीत. हात लावला तर आजार तुला लागणार नाही.’

वॉर्डातल्या सिस्टरांना आधी फोन केला. बऱ्याच ठिकाणी आयसीयूत लहान मुलांना सोडत नाहीत आणि पास एकावेळी एकाच माणसाला मिळतो, हे दारात कळलं तर मुलाचा हिरमोड होतो. दुखण्याच्या औषधानंतर, आबा जरा शांत असतानाची वेळ मागून घेतली. कुणाला सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलायची. आणि भेटीत एक माणूस फक्त मुलांसाठी हवा, आबांपाशी रडत बसणाऱ्यांपैकी नको. आमच्याकडे आत्या होती. धाकट्याने चार मिनिटांत ‘बाहेर’ म्हटलं, ती त्याला लगेच घेऊन गेली. मोठी पंधरा मिनिटं बसली, आबांच्या तळव्याला तेल लावत. ‘आबांची पापी घे’ असं कुणी म्हणायचं नाही, हे आधीच बजावलं होतं. यायचं की नाही, हेही मुलांनाच विचारलं होतं. नाही म्हटलं असतं तर चित्र पाठवलं असतं.

परतताना रिक्षात धाकट्याने विचारलं, ‘आबा मेल्यावर त्यांचा चष्मा कोण घालणार?’ ‘कुणीच नाही, आपण जपून ठेवू,’ मी म्हणाले. मग त्याने विचारलं, जेवायला काय आहे.