क्लॉट झाला म्हणून लगेच प्रोटीन सी-एसची टेस्ट? या चुका टाळा

फोंड्याची माझी चुलत वहिनी, वय २९. पाळी वेळेवर यावी म्हणून दोनेक महिने इस्ट्रोजनवाल्या गोळ्या चालू होत्या, आणि चवथीच्या आदल्या दिवशी डावी पोटरी एवढी सुजली की सपाता पायात जाईना. शिरांची डॉपलर सोनोग्राफी केली, तर आत क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी. ॲडमिट केलं, हेपरिनची इंजेक्शनं आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी सुरू झाली, आणि पाचव्याच दिवशी कुणीतरी "थ्रॉम्बोफिलिया प्रोफाईल", म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा कल आहे का ते बघणाऱ्या टेस्ट, पाठवून दिलं.

रिपोर्ट आला: प्रोटीन सी ३८ टक्के, एस ३१. घरात रडारड, काकी म्हणते आता जन्मभर गोळ्या, मुलं होणार की नाही.

इथंच पहिली चूक. सी आणि एस म्हणजे रक्त गोठण्याला लावलेले ब्रेक, आणि दोन्ही लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के वापरून बनतात. वॉरफरिन नेमकं तेच व्हिटॅमिन अडवतं, म्हणजे गोळी खाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे आकडे खाली येणारच. त्यात ताजा क्लॉट हे ब्रेक खर्च करतो, आणि इस्ट्रोजन व गरोदरपण एस कमी करतं. वहिनीचं तर सगळंच एकत्र जमलं होतं!

म्हणून रक्ताच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. तीन महिने गोळी पूर्ण केली, नंतर त्यांनीच बंद केली, महिनाभर थांबून परत टेस्ट: सी ९६, एस ८४. नॉर्मल. (टेस्टसाठी आपल्या मनानं गोळी बंद करू नका हां, क्लॉट सरकून फुप्फुसात गेला तर जीवावर बेततं.) खरंच कमी असेल तर आकडा दुसऱ्या वेळीही कमीच येतो, म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत.

फॅक्टर फाइव्ह लायडनचं उलट आहे. १९९४ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात सापडलेला हा जीनमधला बदल, ज्यानं रक्त सहज गोठतं. त्याची डीएनए टेस्ट असल्यामुळे ती गोळी चालू असतानाही करता येते. पण युरोपात जेवढा सापडतो तेवढा आपल्याकडे नाही, आणि एकच कॉपी असली तर धोका काही पट वाढतो खरा, तरी बहुतेकांना जन्मात क्लॉट होत नाही. त्यामुळे पोर्तुगालातल्या चुलत भावाला निघाला म्हणून अख्ख्या घराची तपासणी करणं मला तरी पैसे फुकट वाटतं.

मग करायची कुणी? कमी वयात, ऑपरेशन-गोळ्या-प्लास्टर असलं काही कारण नसताना क्लॉट झाला, किंवा मेंदूच्या वा आतड्याच्या शिरेत झाला, किंवा आईबाप-भावंडांतही झालेला आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. रिपोर्टनं उपचार बदलणार असेल तरच.

वहिनीला कारण सरळ समोर होतं. तिच्या फाईलवर आता लाल पेनानं लिहिलंय "इस्ट्रोजन नको", आणि दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत क्लॉटचं सांगायचं ठरलंय.